ऑफर लेटरवर सही करायच्या आधी गेट कुठलं ते विचारा

"नमस्कार साहेब. मी ऑर्डनन्समधून २४ वर्षं सेवा करून हवालदार म्हणून पेन्शनला आलोय, ट्रेड एसकेटी म्हणजे स्टोअरकीपर टेक्निकल. वय ४३, शिक्षण १२वी. चार महिने झाले घरीच आहे. एका सिक्युरिटी एजन्सीने सुपरवायझरची ऑफर दिलीये, २४ हजार सीटीसी, १२ तासांची ड्युटी. मला खरं तर गोडाऊन-लॉजिस्टिक्समध्ये जायचंय पण रिझ्युमेला कोणी उत्तरच देत नाही. सरकारी भरतीचं वय गेलं असं सगळे म्हणतात, आणि ते लॅटरल एंट्री म्हणतात ते आपल्याला लागू होतं का? सिक्युरिटी जॉइन केली तर माजी सैनिक कोटा जातो असंही एकाने सांगितलं. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. काय करू?"

हवालदारसाहेब, जय हिंद. सगळ्यात आधी कोट्याचं सांगतो, कारण त्या भीतीपायी माणसं वर्ष-वर्ष घरी बसलेली मी बघितलीयेत. प्रायव्हेट एजन्सीत नोकरी केली म्हणून माजी सैनिकाचा कोटा जात नाही. प्रायव्हेटच कशाला, सरकारी ऑफिसात किंवा पीएसयूमध्ये सुद्धा तुम्ही कंत्राटी किंवा तात्पुरते असाल, म्हणजे कधीही काढून टाकता येईल अशा पद्धतीने असाल, तरी केंद्राच्या नियमाप्रमाणे तुम्ही कोटा वापरला असं धरत नाहीत. कोटा संपतो तो त्याच कोट्यातून रेग्युलर सरकारी नोकरीत जॉइन झाल्यावर. त्यामुळे शुक्रवारचा निर्णय कोट्याच्या भीतीने घेऊ नका, त्याची कारणं वेगळी आहेत, ती पुढे येतातच.

वयाचं पण तसंच. गावात कोणीतरी म्हणतं वय गेलं आणि आपण मान डोलावतो. केंद्राच्या ग्रुप सी पदांना हिशोब असा करतात की तुमच्या आजच्या वयातून फौजेतली सेवा वजा करायची, आणि जे उरतं ते जाहिरातीतल्या वयोमर्यादेपेक्षा ३ वर्षांहून जास्त नको. तुमचं ४३ वजा २४ म्हणजे १९. समजा जाहिरातीत कमाल वय २७ दिलंय तर तुम्हाला ३० पर्यंत चालतं, आणि तुम्ही हिशोबात १९ चे आहात, म्हणजे भरपूर जागा आहे. फक्त काही भरत्यांमध्ये वर आणखी एक कमाल वयाची अट घातलेली असते, म्हणून प्रत्येक जाहिरातीचा माजी सैनिकांचा परिच्छेद स्वतः वाचायचा, कोणी व्हॉट्सॲपवर टाकलेला गोषवारा नाही.

आता ग्रॅज्युएशन. मॅट्रिक पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक ग्रुप सीच्या राखीव जागांसाठी, जिथे पदवी मागितलीये तिथेही पात्र धरला जातो, म्हणजे बँकेची क्लार्कची परीक्षा तुम्ही देऊ शकता. पण त्यासाठी फौजेकडून मिळणारं पदवी-समकक्ष सर्टिफिकेट म्हणजे युनिव्हर्सिटीची डिग्री नाही. जिथे तांत्रिक किंवा प्रोफेशनल शिक्षण हवं आहे तिथे ते चालत नाही, आणि प्रायव्हेट कंपनीच्या एचआरला तर ते काय आहे हेच माहीत नसतं. आणि माणसं मार कुठे खातात, तर सर्टिफिकेटवरच्या तारखेला. जाहिरातीत पात्रतेची एक ठरावीक तारीख असते, सर्टिफिकेट त्या तारखेच्या आधीचं लागतं, आणि माणूस परीक्षा पास होऊन कागदपत्रं तपासायच्या वेळी सिकंदराबादला रेकॉर्ड ऑफिसला फोन लावत बसतो. तुमच्याकडे ते सर्टिफिकेट नसेल तर आजच अर्ज टाका, परीक्षेचं नंतर बघू.

जागा किती असतात तर केंद्राच्या ग्रुप सीमध्ये १० टक्के, सरकारी बँका आणि केंद्राच्या पीएसयूमध्ये ग्रुप सीला १४.५ टक्के, त्यातले ४.५ टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी आणि शहिदांच्या कुटुंबियांसाठी असतात. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण राज्याचे नियम वेगळे, वर सांगितलेलं वजाबाकीचं गणित तिथे डोळे झाकून लावू नका.

तुम्ही लॅटरल एंट्री म्हणताय ती वेगळी गोष्ट. ती जॉइंट सेक्रेटरी, डायरेक्टर अशा वरच्या पदांसाठी असते, २०२४ च्या ऑगस्टमध्ये यूपीएससीने ४५ पदांची अशी जाहिरात काढली होती आणि काही दिवसांतच मागे घेतली. आपला सरकारातला रस्ता कोट्याचाच, त्याच्यावर वेळ घालवा.

आणि एक वही करा. खरी, कागदाची. त्यात प्रत्येक सरकारी अर्जाची तारीख, पदाचं नाव, खातं, अर्ज क्रमांक लिहायचा. हे का सांगतोय तर १४ ऑगस्ट २०१४ चं केंद्राच्या कार्मिक विभागाचं एक पत्र आहे, त्यात असं आहे की तुम्ही कोट्यातून एका सरकारी नोकरीत जॉइन झालात, पण जॉइन व्हायच्या आधीच दुसरीकडे अर्ज केलेले असतील, तर जॉइन होताना लगेच त्या सगळ्या अर्जांची तारीखवार यादी स्वतःच्या सहीने त्या खात्याला द्यायची, मग पुढच्या नोकरीलाही कोट्याचा फायदा मिळतो. यादी दिली नाही तर नाही मिळत. समजा तुम्हाला आधी बँकेत आर्म्ड गार्डची ऑर्डर आली आणि सहा महिन्यांनी क्लार्कचा निकाल लागला, क्लार्कचा अर्ज तुम्ही आधी केलेला होता, पण जॉइन होताना आनंदाच्या भरात तो कागद द्यायचा राहिला, तर क्लार्कची जागा कोट्यातून गेली. मला भेटलेल्या माजी सैनिकांपैकी फार कमी जणांना हे माहीत होतं, आणि ज्या ऑफिसात ते जॉइन झाले तिथल्या क्लार्कलाही माहीत नव्हतं. त्यामुळे तिथे कोणी आपणहून मागणार नाही, तुम्हीच द्यायचं आणि पोच घ्यायची.

हे सगळं खरं असलं तरी सरकारी निकालाला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, तोपर्यंत काय, हा प्रश्न उरतोच. तर आता तुमची ऑफर.

२४ हजार सीटीसी म्हणजे हातात २४ हजार नाहीत. एजन्सीकडून ब्रेकअप लिहून मागा. साधारण कसा निघतो ते मांडून दाखवतो. बेसिक आणि डीए मिळून १५ हजार, बाकी भत्ते ५ हजार, म्हणजे ग्रॉस २० हजार. कंपनीचा पीएफ चार्जेससकट १३ टक्क्यांनी १,९५०, कंपनीचं ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ६५०, बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२५०, युनिफॉर्मचे दीडशे, झाले बरोबर २४ हजार. आता ग्रॉसमधून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० जाणार, ईएसआय १५०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात राहिले १७,८५०. आणि १२ तासांनी २६ दिवस म्हणजे ३१२ तास, तासाला ५७ रुपये पडले. तेच पैसे ८ तासांच्या ड्युटीला असते तर तासाला ८५ च्या वर गेले असते. म्हणून एजन्सीला पहिला प्रश्न हा की वरच्या ४ तासांचा ओव्हरटाइम वेगळा देताय का त्या २४ हजारातच धरलाय. बहुतेक वेळा आतच धरलेला असतो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. साइट डीजीआर, म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं केंद्राचं कार्यालय, त्याने स्पॉन्सर केलेली आहे का हे पण विचारा, तिथे पगार डीजीआरच्या दराने ८ तासांचा धरतात. आणि माजी सैनिकांचं आपलं राज्याचं महामंडळ मेस्को पण आहेच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं नसेल तर डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि माजी सैनिक ओळखपत्र घेऊन जा, चार महिन्यांत हे व्हायला हवं होतं.

सुपरवायझर हा शब्दही तपासून घ्या. पसारा म्हणजे प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सींचा कायदा, त्याच्या केंद्रीय मॉडेल रूल्समध्ये जास्तीत जास्त १५ गार्डमागे एक सुपरवायझर असं आहे. तुमच्या हाताखाली किती जण, कुठल्या साइटवर, आणि गार्ड गैरहजर राहिला तर त्याच्या पॉइंटवर तुम्हालाच उभं करणार का, हे विचारा. ट्रेनिंगच्या नावाखाली वीस दिवस फुकट राबवून घेत असतील तर मान्य करू नका, त्याच नियमांत माजी सैनिकाला ४० तास वर्गातलं आणि १६ तास फील्डचं, मिळून किमान सात दिवसांचं ट्रेनिंग सांगितलंय.

आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक कोणाच्या ताब्यात देऊ नका हो. मी स्वतः पेन्शनला आल्यावर एका एजन्सीला "व्हेरिफिकेशनसाठी" दिलं होतं, दोन महिन्यांनी नोकरी सोडतो म्हटल्यावर ते पुस्तक त्यांच्या हेड ऑफिसला असल्याचं कळलं, आणि ते परत मिळेपर्यंत एका पीएसयूची कागदपत्रं तपासायची तारीख निघून गेली. दाखवायचं, समोर झेरॉक्स काढू द्यायची, परत खिशात.

आता मुद्द्याचं. तुम्हाला लॉजिस्टिक्समध्ये जायचंय ना, मग या ऑफरकडे पगार म्हणून न बघता गेट म्हणून बघा. कारखान्याला किंवा मोठ्या वेअरहाऊसला दोन गेट असतात, एक माणसांचं आणि एक मटेरियलचं. माणसांच्या गेटवर तुम्ही सहा महिने व्हिजिटरचं रजिस्टर लिहाल आणि सलाम कराल, रिझ्युमेवर एक ओळ वाढणार नाही. मटेरियल गेटवर मात्र येणारी-जाणारी प्रत्येक गाडी तुमच्यासमोर थांबते. तिचं इन्व्हॉइस, बिल्टी, ई-वे बिल, काट्यावरचं वजन, रिटर्नेबल-नॉनरिटर्नेबल गेट पास, सीलचा नंबर हे सगळं तुमच्या हातातून जातं आणि मग माल स्टोअरला जाऊन तिथे जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, निघतो. म्हणजे तुम्ही २४ वर्षं जे रिसीट आणि इश्यू व्हाउचर केले त्याचंच हे सिव्हिल रूप आहे, आणि इथली भाषा शिकायला कोर्सचे पैसे द्यावे लागत नाहीत.

एक उदाहरण देतो, म्हणजे तिथे काय डोकं लागतं ते कळेल. गाडी रात्री गेटवर आली. इन्व्हॉइस बरोबर, मालाचे नग बरोबर, पण ई-वे बिलावर जो गाडी नंबर आहे तो समोर उभ्या गाडीचा नाही. ड्रायव्हर सांगतो वाटेत गाडी बिघडली, माल या गाडीत घेतला. असं होऊ शकतं, पण मग ट्रान्सपोर्टरने ई-वे बिलाचा पार्ट बी बदलून नवा नंबर टाकायला हवा होता. नवखा गार्ड एकतर गाडी सोडून देतो नाहीतर हाकलून देतो. जाणकार माणूस गाडी बाजूला लावतो, सील नंबर बिल्टीशी ताडून बघतो, ट्रान्सपोर्टरला फोन करून पार्ट बी अपडेट करायला लावतो, स्टोअर इनचार्जला कळवतो आणि रजिस्टरला वेळेसकट नोंद करतो. बिलाची मुदत पण बघायची, साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे ४२० किलोमीटरच्या फेरीला ३ दिवस. हे ज्याला येतं त्याला स्टोअरवाले स्वतःहून विचारतात की आत येणार का. मी असाच आत गेलो, गेटवर सात महिने काढून डिस्पॅच सुपरवायझर झालो, त्या वेळी माझी पण बारावीच होती.

रिझ्युमेला उत्तर येत नाही त्याचं कारण मला न बघता सांगता येतं, कारण आपले सगळ्यांचे रिझ्युमे सारखेच असतात. वर रँक, मग "कॅरेक्टर एक्झम्प्लरी", मेडिकल कॅटेगरी शेप वन, शिस्तप्रिय, प्रामाणिक, कुठल्याही परिस्थितीत काम करायची तयारी. वेअरहाऊस मॅनेजरला यातून एवढंच कळतं की हा माणूस चांगला गार्ड होईल, आणि तो रिझ्युमे सिक्युरिटीच्या फाइलला लावून मोकळा होतो. तुमचं काम त्याच्या शब्दांत यायला हवं. इंडेंट म्हणजे त्याची मटेरियल रिक्विझिशन, रिसीट व्हाउचर म्हणजे जीआरएन, वार्षिक स्टॉकटेकिंग म्हणजे फिजिकल व्हेरिफिकेशन, तुम्ही रोज थोडे-थोडे आयटम मोजायचात ते सायकल काउंट, डेफिशियन्सी म्हणजे व्हेरियन्स. बिन कार्ड दोन्हीकडे बिन कार्डच, ते तसंच ठेवा.

मग पहिली ओळ अशी काहीतरी होईल: "वाहनांच्या सुमारे ४,००० प्रकारच्या सुट्या भागांचा साठा सांभाळला, ६ जणांच्या टीमकडून रोजची आवक-जावक करून घेतली, सलग ३ वर्षं फिजिकल व्हेरिफिकेशनमध्ये न जुळलेले आयटम शून्य." आकडे तुमचे खरे टाका, हे मी नमुना म्हणून लिहिलेत, आणि इंटरव्ह्यूला कोणी खोदून विचारलं तर सांगता यायला हवेत. हं, एक काळजी मात्र घ्या, युनिटचं नाव, डिपो कुठे होता, दारूगोळा किंवा हत्यारांचा साठा यातलं अक्षर रिझ्युमेवर नको. सुटे भाग, कपडे, जनरल स्टोअर एवढंच पुरतं. नोकरीच्या वेबसाइटवर टाकलेला कागद कोण-कोण उघडतं हे आपल्या हातात नसतं.

डिस्चार्ज बुकमध्ये तुमच्या ट्रेडला सिव्हिलमधला समकक्ष ट्रेड लिहिलेला असतो ते पान काढून बघा. रिझ्युमेवर रँकच्या जागी तेच नाव वर टाका, रँक खाली येऊ दे. रँक खाली लिहायला जड जातं, मला पण गेलं होतं. पण वाचणारा सव्वीस वर्षांचा मुलगा आहे, त्याला हवालदार आणि पोलीस हवालदार यातला फरक माहीत नसतो.

एक्सेलशिवाय मात्र आत घेणार नाहीत. सॅपचा महागडा कोर्स आत्ता करू नका, कंपनीची स्वतःची सिस्टीम ते जॉइन झाल्यावर शिकवतात. इंटरव्ह्यूला बऱ्याचदा लॅपटॉप पुढे सरकवून म्हणतात की ह्या आवक-जावकच्या नोंदी आहेत, शिल्लक काढून दाखवा. घरच्या कॉम्प्युटरवर एक शीट करा, A कॉलममध्ये पार्ट नंबर, B मध्ये तारीख, C मध्ये आवक, D मध्ये जावक, दोनशे-तीनशे नोंदी हाताने भरा. मग F2 मध्ये एखादा पार्ट नंबर लिहून शेजारच्या चौकोनात हे टाका:

```
=SUMIF(A:A,F2,C:C)-SUMIF(A:A,F2,D:D)
```

त्या पार्टची आजची शिल्लक येते. आली की एक नोंद मुद्दाम चुकवा, पार्ट नंबरच्या शेवटी एक स्पेस सोडा, आणि शिल्लक का चुकली ते शोधा, कारण गोडाऊनमध्ये रोज हेच होतं, माल रॅकवर असतो आणि सिस्टीममध्ये दिसत नाही. लेजरमधली चूक शोधायची नजर तुम्हाला आहेच, फक्त हात की-बोर्डवर बसायला हवा. रोज एक तास, तीन आठवड्यांत बसतो. व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल त्याच्या पुढच्या तीन आठवड्यांत.

मग शुक्रवारी काय करायचं. एजन्सीला गुरुवारीच फोन करा आणि तीन गोष्टी लिहून मागा: हातात किती आणि ओव्हरटाइम वेगळा का, हाताखाली गार्ड किती, आणि साइट कुठली व मटेरियल गेट देणार का. मटेरियल गेट देत असतील तर पगार थोडा कमी असला तरी घ्या, सहा ते आठ महिन्यांसाठी, आणि अंगावर बाँड किंवा डिपॉझिट घेऊ नका. सोसायटीचं गेट किंवा एटीएम असेल आणि १२ तास तेवढ्याच पैशांत असतील तर मी तरी नाही म्हणेन. तुम्हाला पेन्शन चालू आहे, १२ तासांची ड्युटी आणि जाण्या-येण्याचे दोन तास गेल्यावर एक्सेल कधी करणार आणि बँकेचा अभ्यास कधी करणार. त्यापेक्षा दोन महिने आणखी घरी बसा, पण एमआयडीसीतल्या वेअरहाऊसच्या ट्रान्सपोर्ट आणि स्टोअर ऑफिसात नवा रिझ्युमे स्वतः हातात घेऊन फिरा, एचआरच्या ईमेलवर टाकून वाट बघत बसू नका. स्टोअर इनचार्जला भेटायचं, तो जीआरएनबद्दल दोन प्रश्न विचारेल, तुम्ही उत्तर दिलं की त्याला कळतं समोर कोण उभं आहे.

एजन्सीने काय लिहून दिलं ते मला पाठवा, आणि नवा रिझ्युमे पण, युनिटचं नाव काढूनच पाठवा.